बढतीचे शुद्धिपत्र

मी ज्या प्रकाशनसंस्थेत गेली 17 वर्षे मुद्रितशोधनाचे काम करतो आहे, तिथे या महिन्याच्या 1 तारखेपासून मला मुख्य मुद्रितशोधक हे पद मिळाले. बातमी एवढीच आहे. इथे लिहिणारे आणि वाचणारे बहुतेकजण माझ्या ओळखीचे आहेत. दुसऱ्या कुणाकडून त्यांच्या कानी जाण्यापूर्वी आपणच सांगावी, हा पहिला हेतू. दुसरा हेतू थोडा अवघड आहे आणि खरे तर त्याच्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

‘मला बढती मिळाली’ या वाक्याकडे व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले, तर ‘मिळाली’ हे क्रियापद ‘बढती’च्या लिंगवचनाप्रमाणे चालते. मी त्या वाक्यात कर्ता नाहीच; चतुर्थीचा प्रत्यय लावून एका कडेला उभा आहे. भूक लागते, आठवण येते, ताप येतो, तशी बढती मिळते. मराठीने हा विनय आपल्याला आयता देऊन ठेवला आहे. परंतु अशा आयत्या विनयाचा एक तोटा असा, की ती कुणामुळे मिळाली हेही त्या वाक्यात सांगावे लागत नाही. मी वाक्यात कर्ता नाही हे ठीक; पण मग कर्ते कोण होते, हे सांगायचे राहूनच जाते.

पदाची सूचना देण्यासाठी कार्यालयात चहापान झाले. आमच्या मालकांनी चार शब्द बोलताना एका पुस्तकाची हकीकत सांगितली. एका जुन्या आत्मचरित्राच्या नव्या आवृत्तीत ‘सह्याद्रीच्या दर्यांत’ असे पडले होते. डोंगरात समुद्र शिरला होता आणि तो मी वेळेवर पकडला. सारे हसले. टाळ्या झाल्या. हकीकत खरी होती, पण ती अर्धीच होती. उरलेली अर्धी ठाऊक असलेली तीन माणसे त्या खोलीत होती. त्यांतला एक मी होतो आणि मी गप्प राहिलो. दुसऱ्या दोघांनी टाळ्या वाजवल्या.

ती उरलेली अर्धी हकीकत नीट समजण्यासाठी एका लहानशा अक्षराबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे. साहित्याच्या विद्यार्थ्यांना ते ठाऊक असते, पण छापखान्याच्या बाजूने त्याच्याकडे पाहण्याचा प्रसंग सहसा येत नाही.

मराठीत ‘र’ हा पुढच्या व्यंजनाला दोन तऱ्हांनी जोडला जातो. ‘सूर्य’, ‘धैर्य’, ‘कार्य’ यांत तो रफार होऊन डोक्यावर बसतो. ‘दुसऱ्या’, ‘साऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘गुऱ्हाळ’ यांत तो आडवा होऊन पुढच्या अक्षराला बिलगतो. हा केवळ लेखनाचा अलंकार नव्हे. रफाराच्या आधीच्या अक्षरावर उच्चारात आघात येतो. आडव्या ‘र’च्या आधी तो येत नाही. म्हणून ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. म्हणून ‘आचार्यांना’ म्हटले की नमस्कार करायचा तो विद्वानांना, आणि ‘आचाऱ्यांना’ म्हटले की पंगतीचा स्वयंपाक करणाऱ्यांना. संस्कृतला या भेदाची गरज पडली नाही. मराठीला पडते, कारण ‘आचारी’, ‘दरी’ यांसारख्या शब्दांची रूपे चालवताना शेवटच्या ‘री’चा ‘ऱ्या’ होतो.

खिळ्यांच्या काळात या आडव्या ‘र’चा खिळा निराळा असे आणि जुळाऱ्याचा हात आपोआप त्या घराकडे जाई, असे आमचे जुने मुद्रितशोधक सांगत. त्यांना सारे कार्यालय ‘काका’ म्हणत असे. पुढे संगणक आले तेव्हाच्या टंकांतही त्याला स्वतंत्र जागा होती. युनिकोडमध्ये व्यवस्था बदलली. तिथे अक्षराचा आकार साठवला जात नाही, अक्षरांचा क्रम साठवला जातो. आडवा ‘र’ उमटवायचा तर दोन वाटा आहेत: एक, खाली टिंब असलेला ‘ऱ’ घेऊन त्याचा पाय मोडायचा, दुसरी, साधा ‘र’ घेऊन पाय मोडायचा आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह टाकायचे. या चिन्हाचा क्रमांक U+200D. ते पडद्यावर दिसत नाही, कागदावर दिसत नाही. दिसतो तो केवळ त्याचा परिणाम. आणि ते गळाले, तर तक्रार करायला कुणी नसते: आडवा ‘र’ मुकाट्याने उठून डोक्यावर जाऊन बसतो.

आता त्या आत्मचरित्राकडे येतो. पुस्तकाचे आणि लेखकाचे नाव सांगत नाही; कारण चूक त्यांची नव्हती. पुस्तक 304 पृष्ठांचे, म्हणजे सोळापानी 19 फर्म्यांचे. त्याची मागची आवृत्ती आमच्याकडेच जुन्या टंकात जुळवलेली होती आणि ती फाइल शाबूत होती. ती युनिकोडमध्ये आणून नवी आवृत्ती काढायची ठरले. फाइल बदलण्याचे काम एका छोट्या प्रणालीने केले. नंतर कुणीतरी मजकुरातली ‘अनावश्यक अदृश्य चिन्हे’ पुसण्याची आज्ञा दिली, आणि पुस्तकातला प्रत्येक आडवा ‘र’ नाहीसा झाला.

ही आपत्ती लगेच लक्षात आली. ‘दुसर्या’, ‘सार्या’, ‘बर्याच’ असे शब्द पानोपानी दिसू लागल्यावर ते कुणाच्या नजरेतून सुटणार? आमच्या अक्षरजुळणी करणाऱ्या ताईंनी शब्दतपासणीच्या प्रणालीला जे जे शब्द अशुद्ध वाटले त्यांची यादी काढली आणि एकेक शब्द पुस्तकभर बदलून टाकला. दोन दिवसांत पुस्तक स्वच्छ झाले. खरा धोका इथून पुढे होता. कारण या यादीत फक्त तेच शब्द येणार, जे चुकल्यावर शब्द राहत नाहीत. जो शब्द चुकल्यावरही दुसरा एखादा चांगला, शुद्ध, कोशात असलेला शब्द होतो, तो यादीत येतच नाही. ‘दर्या’ शुद्ध आहे. ‘आचार्य’ तर त्याहून शुद्ध.

मुद्रितशोधकाचे काम नेमके इथे सुरू होते. यंत्राला चुकीचा शब्द कळतो. योग्य शब्द चुकीच्या जागी बसला आहे हे माणसाला कळावे लागते. मला सह्याद्रीतला समुद्र कळला, हे खरे. मी त्या जोडीचे कारणही ओळखले आणि पुस्तकभर ‘दर्या’ शोधून पाच जागा दुरुस्त केल्या. त्या समाधानात मी विचारायला हवा होता तो पुढचा प्रश्न विचारला नाही: अशा आणखी जोड्या कोणत्या? तिसरे वाचन मी एकट्याने संपवले आणि एका शुक्रवारी संध्याकाळी शेवटच्या प्रुफावर ‘छापण्यास हरकत नाही’ असे लिहून सही केली.

शनिवारी सकाळी ताई छापखान्याला पाठवायची अंतिम प्रत तयार करत होत्या. त्यांनी मला पडद्याजवळ बोलावले.

“सर, हे आचार्य चुलीपाशी काय करतायत?”

लेखकाचे बालपण गरिबीत गेले. एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम करून त्यांनी शिक्षण पुरे केले. तिथल्या आचाऱ्यांविषयीचे एक प्रकरण पुस्तकात आहे. प्रकरणाच्या पहिल्या ओळीत ‘आचारी’ असे स्पष्ट आहे. पुढे आदरार्थी बहुवचनात ‘ते’, आणि प्रत्यय लागतो तिथे ‘आचाऱ्यांनी’, ‘आचाऱ्यांच्या’. आमच्या प्रतीत पहिली ओळ तशीच होती आणि पुढचे सगळे आचारी आचार्य झाले होते. मी पहिले पान आदल्या संध्याकाळी वाचले होते आणि पुढची सकाळी. सकाळी डोळ्यांपुढे ‘आचार्यांनी’ आले, तेव्हा वसतिगृहाच्या चालकांना आचार्य म्हणत असतील अशी समजूत माझ्या मनाने माझ्या नकळत करून घेतली आणि त्या समजुतीच्या उजेडात मी पुढचे सारे नीट, शुद्ध म्हणून वाचत गेलो. वाचणारा मजकूर वाचत नाही, स्वतःची अपेक्षा वाचतो. हे वाक्य वर्गात समीक्षेच्या संदर्भात ऐकले होते, ते मुद्रितशोधनात असे भेटले.

या प्रकरणाच्या शेवटी लेखकाने अशा अर्थाचे एक वाक्य लिहिले आहे, की आपण शाळेत बरेच शिकलो, पण आपले खरे शिक्षण झाले ते आचाऱ्यांच्या हाताखाली. अख्ख्या पुस्तकाचा कणा त्या वाक्यात आहे. वजनमाप, वेळेचे भान, पंगतीत कुणालाही कमी पडू न देणे, शेवटी आपण जेवायला बसणे, हे सारे ज्यांनी शिकवले त्या माणसाचे ऋण लेखकाने तिथे मान्य केले आहे. ते वाक्य आमच्या प्रतीत झाले होते: खरे शिक्षण आचार्यांच्या हाताखाली झाले. व्याकरण शुद्ध, अर्थ सरळ, आणि वाक्य कोणत्याही सत्कारसमारंभात शोभावे असे गुळगुळीत. एक अदृश्य चिन्ह गळाल्याने एका स्वयंपाक्याचे आभार कुणा विद्वानाच्या खात्यावर जमा झाले होते. त्या स्वयंपाक्याला न मागता बढती मिळाली होती, आणि त्या बढतीत तो माणूस नाहीसा झाला होता.

छापून गेले असते तर कुणाच्या लक्षात आले असते? माझ्या मते, नसते आले. आणि तीच त्यातली भीती आहे. हास्यास्पद चूक कधी ना कधी सापडते. प्रतिष्ठित दिसणारी चूक पुढच्या आवृत्त्यांत वारशाने जाते. उद्या एखादा विद्यार्थी या लेखकावर प्रबंध लिहिता लिहिता ‘आचार्यांचा प्रभाव’ असे एक प्रकरणही बेतू शकला असता.

दुरुस्ती एका आज्ञेसरशी होण्यासारखी नव्हती. पुस्तकात ‘आचार्य’ ही अक्षरे शोधली तेव्हा 31 जागा निघाल्या. सगळ्या सरसकट बदलाव्यात, तर त्यांत आठ ठिकाणी खरेच आचार्य होते. लेखक तरुणपणी आचार्य अत्रे यांच्या सभेला गेले होते, आणि ‘आचार्यांचे भाषण’ असे त्यांनी लिहिले होते. सरसकट बदल केला असता, तर टाळ्या घेणाऱ्या त्या भाषणाचे श्रेय आचाऱ्यांना गेले असते! तेव्हा एकेक जागा मागच्या छापील आवृत्तीशी ताडून पाहणे एवढाच मार्ग होता. आमचा एक तरुण सहकारी त्या पुस्तकाची निर्देशसूची करत होता. त्याने आपल्या वहीतले पान आणून दाखवले: ‘आचार्य’ या नोंदीपुढे सगळे पृष्ठक्रमांक होते आणि त्यांतल्या काहींवर पेन्सिलीने प्रश्नचिन्हे. तो नवा होता. सरांची सही झालेल्या मजकुराला शंका कशी विचारायची, म्हणून चार दिवस थांबला होता. ती पेन्सिलीची प्रश्नचिन्हे पाहून मला जेवढे ओशाळल्यासारखे झाले, तेवढे मूळ चुकीनेही झाले नव्हते. चूक माझ्या डोळ्यांची होती. ते थांबणे मात्र माझ्या सहीच्या दराऱ्याने घडले होते.

आम्ही तिघे त्या दिवशी दुपारपासून बसलो. ताई पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचत, तो तरुण मागच्या आवृत्तीवर बोट ठेवून ऐके, आणि मी खूण करी. 23 आचारी आपापल्या जागी परतले. संध्याकाळी सहाच्या सुमारास मी आधीच्या सहीवर काट मारून नवी सही केली. प्लेटा झालेल्या नव्हत्या, खर्च वाढला नाही. त्यामुळे वरपर्यंत काही जायचे कारणही पडले नाही. पुस्तक आले, चांगले निघाले. वर पोहोचली ती समुद्राची गोष्ट. आणि पुढे ती माझ्या नावावर लागली.

इथे काकांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्याकडे दोघांनी मिळून वाचण्याची पद्धत होती. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रुफावर डोळा ठेवायचा. काका वाचत तेव्हा विरामचिन्हेसुद्धा उच्चारून वाचत, आणि मी चुकलो तर थांबून फक्त घसा साफ करत. ते निवृत्त झाल्यावर ही पद्धत हळूहळू मागे पडली. एका फर्म्याला दोघांचा साधारण दीड तास जातो. 19 फर्म्यांचे पुस्तक म्हणजे दोन माणसांचे जवळजवळ चार दिवस. आणि जुनीच फाइल आहे, मजकूर बदललेला नाही, मग शब्दशः ताडायचे कशाला, असा युक्तिवाद कुणालाही पटेल असाच होता. मलाही पटला होता. पण डोळ्याला जे कळले नाही ते कानाला कळते. ‘आचाऱ्यांच्या’ आणि ‘आचार्यांच्या’ यांत डोळ्यापुढे एका रेघेचा फरक. कानाला त्यातला आघात चुकत नाही. एकट्याच्या मुक्या वाचनात आपण शब्द उच्चारतच नाही, तेव्हा तो आघात ऐकणार कोण?

नव्या पदाबरोबर दोन गोष्टी माझ्या हाती आल्या. एक म्हणजे छपाईच्या आज्ञेवरची शेवटची सही. तिचा अर्थ मी आता असा लावतो, की इथून पुढे पुस्तकात जी चूक निघेल ती माझी, आणि जी पकडली जाईल ती ज्याने पकडली त्याची. दुसरी म्हणजे कामाची पद्धत ठरवण्याचा थोडासा अधिकार. जुन्या टंकातून युनिकोडमध्ये आणलेली पुस्तके तरी दोघांनी मिळूनच वाचायची, असे मी मालकांना सुचवले. चार दिवसांचा हिशेब ऐकून ते थोडे गप्प झाले. तेव्हा चहापानात जे सांगायला हवे होते, ते मी त्यांना त्यांच्या खोलीत सांगितले: समुद्र मी पकडला, पण आचारी मी सोडले होते, ते ताईंनी पकडले, आणि त्यांच्याही चार दिवस आधी त्या तरुण सहकाऱ्याने. ते म्हणाले, “मग हे तेव्हाच का नाही बोललात?” या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पद्धत मान्य झाली. मात्र फक्त रूपांतरित पुस्तकांपुरती, आणि वर्षभराने खर्च पाहून पुन्हा विचार करायचा या अटीवर. निर्देशसूची करणाऱ्यांनी प्रश्नचिन्हे त्याच दिवशी माझ्या टेबलावर आणून ठेवायची, हा दुसरा नियम. त्याला खर्च नाही, त्यामुळे अटही नाही.

पुस्तकात चूक राहिली तर आपण शेवटी शुद्धिपत्र जोडतो: पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध. शुद्धिपत्रात कुणी क्षमेची भाषा वापरत नाही, कारणे देत नाही. चहापानातल्या माझ्या गप्प राहण्याचे शुद्धिपत्र त्याच रीतीने द्यायचे तर असे. अशुद्ध: एका मुद्रितशोधकाच्या तीक्ष्ण नजरेमुळे पुस्तक वाचले. शुद्ध: एका मुद्रितशोधकाने सही केल्यानंतर त्याच्या दोन सहकाऱ्यांनी पुस्तक वाचवले. त्या दोघांचे, आणि ज्यांच्या घसा साफ करण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो त्या काकांचे, मनापासून आभार. पद माझ्याकडे आले आहे. त्यात चतुर्थीहून अधिक माझे काही नाही.

एक गोष्ट राहिली. मराठी पुस्तकांच्या श्रेयपानावर मुखपृष्ठकाराचे नाव असते, मुद्रकाचे असते. अक्षरजुळणीपुढे बहुधा संस्थेचेच नाव पडते. आमच्याकडेही तसेच चालत आले आहे. पुढच्या आवृत्तीपासून तिथे ताईंचे स्वतःचे नाव घालावे, असे मी सुचवले आणि त्यांना विचारायला गेलो. त्या वेळी मला प्रथमच कळले, की चुलीपाशी बसलेले आचार्य त्यांच्याच नजरेत का भरले. त्यांच्या आडनावात तोच आडवा ‘र’ आहे. शाळेच्या दाखल्यापासून शिधापत्रिकेपर्यंत तो प्रत्येक ठिकाणी डोक्यावर चढवून छापला गेला आहे, आणि दर वेळी अर्ज करून त्यांनी तो खाली उतरवला आहे.

“नाव घाला की, सर,” त्या म्हणाल्या. “पण त्या पानाचं शेवटचं प्रूफ मला दाखवा.”